अनुभवाला गुण देताना जुन्या वर्षांचं वजन कसं कमी करायचं

अर्जदारांच्या अनुभवाला गुण देणारी तुमची शीट पाहिली. अर्धायुष्य 4 वर्षं धरलंय ते ठीक आहे, म्हणजे 4 वर्षांपूर्वीच्या कामाला निम्मं वजन, 8 वर्षांपूर्वीच्या कामाला पाव. गडबड दुसरीकडे आहे. तुम्ही नोकरी संपल्याची तारीख घेऊन अख्ख्या नोकरीला एकच वजन लावलंय. त्यामुळे एकाच जागी 12 वर्षं असलेल्या, आजही तिथेच असलेल्या माणसाला पूर्ण 12 मिळतात आणि त्याची पहिली वर्षंही ताजी ठरतात.

नोकरीचा प्रत्येक काळ त्याच्या वयानुसार मोजा. `a` म्हणजे नोकरी संपून झालेली वर्षं, चालू असेल तर 0, `b` म्हणजे सुरू होऊन झालेली:

```
5.77 * (0.5^(a/4) - 0.5^(b/4))
```

इथे 5.77 म्हणजे 4 भागिले ln 2. आता त्या माणसाचे 12 ऐवजी 5.05 होतात. 6 वर्षांपूर्वी संपलेल्या 8 वर्षांच्या कामाचे 1.53, तर चालू असलेल्या 3 वर्षांच्या कामाचे 2.34.

मात्र या सूत्राला 5.77 चं छत आहे. 20 वर्षं सलग काम केलेल्यालाही 5.59 च मिळतात, म्हणून किमान अनुभवाची अट या आकड्यावर तपासू नका, ती साध्या वर्षांवरच तपासा. शिवाय हिशेबाची ‘आज’ ही तारीख सगळ्यांसाठी एकच ठेवा, अर्जाची शेवटची तारीख बरी. नाहीतर उशिरा तपासलेल्या अर्जातली जुनी नोकरी विनाकारण आणखी जुनी होते.

अर्धायुष्य किती, हे मात्र कामावर ठरतं. साधनं झपाट्याने बदलणाऱ्या कामाला 4 चालेल, वाटाघाटींसारख्या कौशल्याला मी 10 च्या खाली जाणार नाही.