टॅरोला कोणते प्रश्न विचारावेत: कार्यशाळेच्या सुरुवातीचं बोलणं

प्रश्न: पहिल्यांदाच नवशिक्यांची टॅरो कार्यशाळा घेतेय. सुरुवातीला चार-पाच मिनिटं बोलायचंय की टॅरोला कुठले प्रश्न विचारावेत आणि कुठले नाहीत. काय बोलू?

उत्तर: मी माझ्या बॅचला जे बोलते ते जवळपास तसंच देते. आधी 'एट ऑफ कप्स' हे कार्ड सगळ्यांना दिसेल असं समोर ठेवा, कारण निम्मं बोलणं त्याच्यावरच आहे.

"नमस्कार. हे कार्ड नीट बघा. रात्र आहे, वर चंद्र आहे. लाल कपड्यातला एक माणूस काठी टेकत डोंगराकडे निघालाय, आपल्याकडे पाठ करून. मागे आठ पेले रचलेत, खाली पाच आणि वर तीन. एकही लवंडलेला नाही. वरच्या रांगेत मात्र मध्येच एक जागा मोकळी आहे.

माझ्याकडे एक ताई आल्या, अकरा वर्षं एकाच ठिकाणी नोकरी केलेल्या. प्रश्न होता, 'नोकरी सोडू का?' हेच कार्ड निघालं. त्या लगेच म्हणाल्या, 'बघा, निघालाय तो. म्हणजे सोडायची.' पाच सेकंदांत रीडिंग संपलं. पण कार्डावर 'हो' कुठेच लिहिलेलं नाही, ते त्या घरूनच घेऊन आल्या होत्या. राहायचं मनात असतं, तर त्यांना नीट रचलेले पेले आधी दिसले असते.

मी कार्ड तेच ठेवलं आणि त्यांना प्रश्न बदलायला सांगितला: 'ही नोकरी सोडताना मागे काय राहील, आणि काय कमी पडतंय म्हणून मी निघालेय?' आता त्या पेल्यांकडे बघायला लागल्या. हाताखाली तयार केलेल्या दोन मुली, पगाराची शाश्वती, डबा खायची मंडळी. मग मोकळ्या जागेवर बोट ठेवून गप्प बसल्या. तीन वर्षं तोंडी कबूल केलेली बढती. ती त्यांनी साहेबांकडे कधी लेखी मागितलीच नव्हती. सोमवारी काय करायचं, हे त्यांचं त्यांना कळलं.

टॅरोला मानवतो तो असा प्रश्न. तो 'मी'बद्दल असतो, 'काय' किंवा 'कसं'ने विचारलेला असतो, आणि उत्तरातून उद्या करण्यासारखं काहीतरी हाती लागतं. असं का होतं, तर कार्डावर गोष्ट रंगवलेली आहे म्हणून. आपल्या हातातल्या डेकची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, 1909 सालची. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये या आकड्यांच्या पत्त्यांवर नुसते आठ पेले, नऊ तलवारी असायच्या. स्मिथ यांनी त्यांत माणसं घातली, आणि माणूस दिसला की आपण त्याच्या जागी जाऊन बसतो. तारीख मात्र कुठल्याच पत्त्यावर नाही. म्हणून 'लग्न कधी होईल' याचं उत्तर 78 पत्त्यांत सापडणार नाही.

आता न विचारायचे प्रश्न. इथे मी माझी चूक सांगते. शिकायला लागले त्या वर्षी शेजारच्या काकूंनी विचारलं, 'बायोप्सीचा रिपोर्ट काय येईल?' मी पत्ते काढले. 'डेथ' निघालं, पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा. हे कार्ड एक पर्व संपण्याचं असतं, असं मी परोपरीनं सांगितलं, पण काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. रिपोर्ट चार दिवसांनी चांगला आला. ते चार दिवस त्यांना झोप नव्हती, आणि ते मी दिले होते.

म्हणून नियम धरा: ज्याचं उत्तर दुसऱ्या कुणाकडे आहे, ते त्याच्याकडेच मागायचं. आजाराचं डॉक्टरकडे, खटल्याचं वकिलाकडे, 'त्याच्या मनात काय आहे' हे त्या माणसाकडे. काकूंना तेव्हा विचारता येण्यासारखा प्रश्न होता, 'रिपोर्ट येईपर्यंत मी स्वतःला कशी सांभाळू?' तोही त्यांना स्वतःहून विचारावासा वाटला, तरच.

प्रश्न चुकलाय हे ओळखायची एक खूण आहे. कार्ड आवडलं नाही म्हणून हात पुन्हा डेककडे जातो. दुसरं काढता, तिसरं काढता, मनासारखं आलं की थांबता. तसा हात गेला की पत्ते बाजूला ठेवा आणि प्रश्न पुन्हा लिहा."

हे एवढं बोलून मी प्रत्येकाला कोरा कागद देते आणि मनातला प्रश्न जसा येईल तसा लिहायला सांगते. बहुतेकांचा 'होईल का?'नेच संपतो. त्याखाली तोच प्रश्न 'मी' घालून पुन्हा लिहायचा. याला दहा मिनिटं तरी द्या, घाई करू नका, कारण काहींचा इथे खरोखर गळा दाटून येतो. सगळ्यांचं लिहून झालं की मगच डेक उघडायला सांगा.