निओपेन्टाइल ब्रोमाइड प्रायमरी असूनही का अडतं?

प्रश्न: एसएन-२ मध्ये आधी मिथाइल, मग प्रायमरी, मग सेकंडरी, टर्शरी जवळपास नाहीच, असा क्रम पाठ केलाय. मग निओपेन्टाइल ब्रोमाइड प्रायमरी असून सेकंडरीच्याही मागे कसं? ब्रोमीन असलेल्या कार्बनवर दोन-दोन हायड्रोजन आहेत, गर्दी आहे कुठे? वर्गात 'स्टेरिक हिंड्रन्स' एवढंच सांगितलं आणि धडा पुढे सरकला.

उत्तर:

गर्दी शेजारच्या कार्बनवर आहे. रेणू लिहून बघा: (CH₃)₃C–CH₂–Br. ब्रोमीनवाला कार्बन मोकळाच आहे, पण त्याला चिकटलेल्या कार्बनवर तीन मिथाइल आहेत. एवढं बहुतेक पुस्तकांत असतं. खरी गंमत तीन या आकड्यात आहे, आणि ती आकडे ओळीने मांडल्याशिवाय दिसत नाही.

१९४६ साली दोस्त्रोव्स्की, ह्यूजेस आणि इनगोल्ड यांनी लंडनहून जे वेग प्रसिद्ध केले ते बघा. अभिक्रिया साधीच: अल्काइल ब्रोमाइड, इथॉक्साइड, इथेनॉलमध्ये, ५५ अंश सेल्सिअसला. इथाइल ब्रोमाइडचा वेग १ धरला, तर शेजारच्या कार्बनवर एक मिथाइल आला (प्रोपाइल) की वेग ०.२८ होतो. दोन आले (आयसोब्युटाइल) की ०.०३०. तीन आले (निओपेन्टाइल) की ०.०००००४२.

आता एकेका पायरीची घसरण काढा. पहिल्या मिथाइलने वेग साधारण साडेतीन पटींनी उतरला, दुसऱ्याने नऊ-दहा पटींनी, आणि तिसऱ्याने सात हजार पटींनी. मिथाइल तोच, जागा तीच, आणि शिक्षा एवढी वेगळी! म्हणजे 'मिथाइल वाढले की गर्दी वाढते' हे उत्तर अर्धंच आहे. तिसऱ्या मिथाइलसोबत काहीतरी वेगळंच घडतं.

ते बघायला ट्रान्झिशन स्टेटमध्ये जावं लागेल. न्यूक्लिओफाइल मागून येतो, ब्रोमीन पुढून निघतो, आणि मधल्या क्षणी दोघेही कार्बनशी अर्धवट जोडलेले, एका सरळ रेषेत असतात. बाकीचे तीन बंध (दोन हायड्रोजन आणि शेजारचा कार्बन) त्या रेषेला काटकोनात पसरलेले. उलटणारी छत्री बरोबर मध्यावर असते तेव्हा तिच्या काड्या जशा सपाट होतात, तसंच.

आता शेजारचा कार्बन आणि ब्रोमीनवाला कार्बन यांना जोडणाऱ्या बंधाच्या टोकाशी डोळा लावून बघा. समोर घड्याळाची तबकडी आहे असं समजा. न्यूक्लिओफाइल बारावर, ब्रोमीन सहावर, दोन हायड्रोजन तीन आणि नऊवर. शेजारच्या कार्बनवरचे तीन गट या तबकडीवर एकमेकांपासून चार-चार तासांच्या अंतरावर बसणार, आणि बंधाभोवती तिघेही एकत्र फिरू शकतात.

प्रोपाइलमध्ये एकच मिथाइल आहे. त्याला तीनच्या आसपास बसवा. न्यूक्लिओफाइल आणि ब्रोमीन दोघांपासून तो दूर. थोडा अडथळा होतो, पण काम चालतं. आयसोब्युटाइलमध्ये दोन मिथाइल आणि एक हायड्रोजन. हायड्रोजन बारावर ठेवा, मिथाइल चार आणि आठवर जातील. न्यूक्लिओफाइलच्या तोंडासमोर फक्त हायड्रोजन, आणि मिथाइल सहावरच्या ब्रोमीनपासून दोन-दोन तास लांब. अडचण आहे, पण वाट आहे.

निओपेन्टाइलमध्ये तिन्ही गट मिथाइलच. एक बारावर ठेवला तर तो थेट न्यूक्लिओफाइलच्या वाटेत. म्हणून फिरवून तीन, सात आणि अकरावर ठेवा: सातवाला ब्रोमीनला खेटतो, अकरावाला न्यूक्लिओफाइलला. कितीही फिरवा, मिथाइलशिवायची बाजू सापडतच नाही. आधीच्या दोन रेणूंना फिरून अंग चोरता येत होतं, निओपेन्टाइलला ती सोय नाही, आणि म्हणूनच सात हजार पटींची उडी. आमच्या वेळी प्लास्टिकच्या मॉडेल किटमध्ये न्यूक्लिओफाइलच्या जागी रिफिल धरून हे फिरवून बघितलं होतं. रिफिल दर वेळी कुठल्या ना कुठल्या मिथाइलला टेकायची. एकदा करून बघाच, दहा मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट निसटू देऊ नका. हा ताण मूळ रेणूत फारसा नसतो. तिथे दोन्ही कार्बनवरचे गट एकमेकांच्या फटीत नीट बसतात आणि ब्रोमीन बाहेरच्या बाजूला कललेला असतो. ट्रान्झिशन स्टेटमध्ये तो काटकोनात आत येतो आणि समोरून न्यूक्लिओफाइलही. अडचण तिथे उभी राहते. वरच्या आकड्यांवरून हिशेब केला तर इथाइलच्या तुलनेत अभिक्रियेला ओलांडावी लागणारी ऊर्जेची टेकडी मोलमागे सुमारे ३४ किलोज्यूलने उंच होते. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण ज्या परिस्थितीत इथाइल ब्रोमाइड तासाभरात निम्मं संपतं, तिथे निओपेन्टाइलला निम्मं संपायला सत्तावीस वर्षं लागतील.

'टर्शरी ब्युटाइल गट इलेक्ट्रॉन ढकलतो म्हणून वेग कमी' असंही काही जण लिहितात. ते पटत नाही. ओलसर फॉर्मिक आम्लात, जिथे ब्रोमीन आधी सुटण्यावर भिस्त असते, निओपेन्टाइल ब्रोमाइडचा वेग इथाइल ब्रोमाइडच्या जवळपासच असतो. मॅग्नेशियमसोबत निओपेन्टाइल हॅलाइडचं ग्रिन्यार्ड अभिकर्मकही व्यवस्थित बनतं. म्हणजे कार्बन-ब्रोमीन बंध निर्जीव नाही, फक्त मागचं दार बंद आहे.

प्रयोगशाळेत हे ॲसिटोनमधल्या सोडियम आयोडाइडने दिसतं. १-ब्रोमोब्युटेनच्या नळीत थोड्याच वेळात सोडियम ब्रोमाइडचा पांढरा गढूळपणा येतो, निओपेन्टाइलची नळी तशीच स्वच्छ राहते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने बाटली बदलून आणली होती. त्याला वाटलं माल खराब आहे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'होत नाही ना, मग पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून ढकलू'. होतं तर खरं, पण ते एसएन-२ नसतं. ब्रोमीन सुटता सुटताच एक मिथाइल शेजारून सरकून येतो, टर्शरी कॅटायन बनतो आणि हाती २-मिथाइलब्युटेन-२-ऑल किंवा अल्कीन येतं. ओळखायला प्रोटॉन एनएमआर पुरतो. निओपेन्टाइलचा सांगाडा शाबूत असेल तर त्याचे दोनच सिंगलेट असतात, एक नऊ हायड्रोजनचा आणि एक दोनचा. इथाइल गटाचा ट्रिप्लेट आणि क्वार्टेट दिसला की मिथाइल सरकला आहे.

आणि खरंच प्रतिस्थापन हवं असेल तर? ॲझाइड किंवा सायनाइडसारखा सडपातळ न्यूक्लिओफाइल घ्या, डीएमएफ किंवा डीएमएसओसारखा विद्रावक घ्या, ब्रोमाइडऐवजी टोसायलेट वापरलं तर उत्तम, आणि भरपूर तापवा. शेजारच्या कार्बनवर हायड्रोजनच नसल्यामुळे ई-२ होऊन अल्कीन बनण्याची भीती नाही, त्यामुळे इतर प्रायमरी हॅलाइडला देणार नाही एवढी उष्णता इथे निर्धास्तपणे देता येते.