पृथ्वीच्या पोटातला लोखंडी गाभा वितळत का नाही?

प्रश्न: "आमच्या गावात (दारव्हा तालुका) लोहाराच्या भट्टीत लोखंड लालभडक होऊन मऊ पडते. मग पृथ्वीच्या मधोमध ५ हजार अंशांवर उष्णता असून तिथलं लोखंड घट्ट कसं? अन् तो गोळा वाढतो म्हणतात, ते कसं काय?"

भाऊ, लोखंड १,५३८ अंशांना वितळतं हे खरं, पण ते तुमच्या भट्टीवरच्या हवेच्या दाबाला. अंतर्गाभ्याच्या सीमेवर, म्हणजे सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीवर, दाब हवेच्या ३३ लाख पट आहे. वितळायचं तर अणूंना थोडं सैल व्हायला जागा लागते. एवढ्या दाबाखाली ती मिळत नाही, म्हणून द्रवणांकच पाच-सहा हजार अंशांवर जातो.

पण फक्त दाबाचं कारण अपुरं आहे. दाब तर बाह्य गाभ्यातही प्रचंड आहे, तरी तो द्रव आहे. खरी गोष्ट अशी की खोल जाताना दोन आकडे वाढतात: प्रत्यक्ष तापमान आणि द्रवणांक. यात द्रवणांक जास्त वेगाने वाढतो. २,९०० किलोमीटरवर, बाह्य गाभ्याच्या माथ्याशी, तापमान साधारण ४ हजार अंश आहे आणि तिथल्या मिश्रणाचा द्रवणांक त्याहून खाली, म्हणून सगळं पातळ. ५,१५० किलोमीटरवर द्रवणांक तापमानाला गाठतो. तिथून खाली घट्ट. म्हणजे सगळ्यात गरम जागाच गोठलेली! हा घट्टपणा नुसता तर्क नाही: मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी कंप पावते, आणि त्या कंपनांचा हिशेब आतला गोळा घट्ट धरला तरच जुळतो.

आता वाढ. गाभ्याची उष्णता वरच्या प्रावरणात हळूहळू जाते. तापमान थोडं उतरलं की दोन आकडे जुळण्याची जागा जराशी वर सरकते, आणि तेवढा थर गोठतो. गोठताना दोन गोष्टी होतात. एक, गोठण्याची उष्णता बाहेर पडते, त्यामुळे थंड होणं आणखी मंदावतं. दुसरी, द्रवातले ऑक्सिजनसारखे हलके घटक घट्ट लोखंडात फारसे मावत नाहीत. ते मागे राहिलेल्या द्रवाला हलकं करतात, तो वर चढतो, आणि या ढवळण्यातूनच पृथ्वीचं चुंबकत्व चालतं.

वेगाचा हिशेब सोपा आहे. गोळ्याची त्रिज्या १,२२० किलोमीटर. वय १०० कोटी वर्षं धरलं तर सरासरी वर्षाला सव्वा मिलिमीटर. सुरुवातीला गोळा लहान, म्हणून त्रिज्या झपाट्याने वाढली. आता तेवढीच वाढ करायला कितीतरी मोठा पृष्ठभाग झाकावा लागतो, त्यामुळे वेग मिलिमीटरच्या आत आला असावा. वयाचा आकडा मात्र पक्का धरू नका. दाबाखालचं लोखंड उष्णता किती वाहून नेतं यावर मतभेद आहेत, त्यामुळे अंदाज ५० कोटींपासून १५० कोटींपर्यंत जातात.

अन् सगळा गाभा लवकर गोठेल ही भीती नको. घनफळाने पाहिलं तर आजवर जेमतेम ४ टक्केच गोठलाय.