लाइनीतली हवा पाणी कशी अडवते?

प्रश्न: आमच्या गावची पाइपलाइन चार किलोमीटर आहे. मोटर नवी आहे, गळती कुठं दिसत नाही, तरी टाकी भरायला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. एक जण म्हणतो, उंचवट्यावर हवा अडकली आहे. हवेसारखी हलकी वस्तू पाणी कसं अडवेल? आणि एअर व्हॉल्व्ह तर आधीच बसवलेले आहेत!

उत्तर:

गवंड्याची लेव्हलनळी तुम्ही पाहिली असेल. पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन टोकं दोन खांबांपाशी धरायची आणि पाण्याच्या पातळीवर खुणा करायच्या. जाणता गवंडी खूण करण्याआधी नळी उजेडात धरून बुडबुडा शोधतो आणि टिचक्या मारून बाहेर काढतो. नळीच्या उभ्या भागात वीतभर बुडबुडा राहिला तर दोन टोकांचं पाणी एका पातळीत थांबत नाही, त्यात वीतभराचा फरक पडतो. त्या वीतभर जागेत पाणीच नसतं, त्यामुळे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब हिशेबातून गळतो.

तुमच्या लाइनीत नेमकं हेच होतं, फक्त बुडबुडा शंभर-सव्वाशे मीटर लांबही असू शकतो.

पाइप टेकाडावर चढतो आणि पलीकडं उतरतो. हवा माथ्यावर जमते. पाणी वाहत असल्यामुळे ती माथ्यावरच बसून राहत नाही, प्रवाहाबरोबर पुढच्या उतारावर लांब पसरते. त्या सगळ्या उतारावर पाइप भरलेला नसतो. वर हवा आणि तळाशी पाण्याची पातळ धार, सांडपाण्याच्या नालीसारखी. हवेचा दाब वरच्या टोकाला जितका, तितकाच खालच्या टोकाला. एरवी भरलेल्या पाइपमधून पाणी सहा मीटर उतरलं की तेवढा दाब परत मिळतो आणि पुढचा चढ चढायला तो उपयोगी पडतो. इथं पाणी सहा मीटर उतरतं आणि हाती काहीच लागत नाही. म्हणजे हवा पाण्याला ढकलून अडवत नाही, ती पाण्याची उंची खाते. पाइपच्या लांबीवर जा‌ऊ नका, हवा उभ्यात किती मीटर उतरली आहे तेवढंच मोजायचं. आणि लाइनीत असे तीन उंचवटे असतील तर तिन्हींची बेरीज होते.

मी बीड जिल्ह्यात गावोगावच्या पाणीपुरवठा योजनांच्या दुरुस्तीची कामं करतो. बालाघाटच्या अंगाला असलेल्या एका गावाचं उदाहरण सांगतो, आकडे थोडे गोळाबेरीज करून. डोंगरावरच्या टाकीतून गावातल्या टाकीत पाणी आपोआप उतरतं. अंतर तीन किलोमीटर, पाइप आतून १०० मिलिमीटर, दोन्ही पातळ्यांत फरक १८ मीटर. एवढ्या उंचीवर त्या पाइपमधून तासाला साधारण २०,८०० लिटर पाणी यायला हवं. म्हणजे गावची ५०,००० लिटरची टाकी अडीच तासांच्या आत भरायला हवी. भरायला चार तास लागत होते. गावानं दोन वेळा गळती शोधली, एका ठिकाणी रस्ता उकरला, काही सापडलं नाही.

लाइनीवर दोन उंचवटे होते, एक माळावरचं टेकाड आणि दुसरा रस्त्याचा भराव. मी टेकाडाच्या अलीकडं आणि पलीकडं, साधारण एकाच पातळीवर, पाइपला फेरूल मारून प्रेशर गेज लावलं. दोन्ही जागांमध्ये अंतर ४०० मीटर. एवढ्या अंतरात घर्षणानं जेमतेम एक मीटर दाब जायला हवा. अलीकडं गेज १.९ दाखवत होतं, पलीकडं १.२. गेजवरचा एक म्हणजे दहा मीटर पाणी, तेव्हा फरक सात मीटर. एक मीटर घर्षणाचा, उरलेले सहा मीटर हवेचे. भरावाच्या दोन्ही बाजूंना तसंच मोजलं तर तिथं पाच मीटर गायब. सहा आणि पाच अकरा. अठरातून अकरा गेले, पाणी ढकलायला सात मीटरच उरले.

आता तुम्ही म्हणाल, उंची चाळीस टक्क्यांच्याही खाली आली तर पाणीही तितकंच यायला हवं. तसं होत नाही, कारण प्रवाह कमी झाला की घर्षणही झपाट्यानं कमी होतं. म्हणून सात मीटरवरही साठ टक्के पाणी, तासाला सुमारे १२,५०० लिटर येत राहतं. इथंच घोटाळा होतो. पाणी बंद पडलं असतं तर सगळ्यांनी धाव घेतली असती, पण ते “थोडं कमी” येतं आणि गाव वर्षानुवर्षं तेवढ्यावरच भागवतं. अशाच उंचवट्यांवर मिळून हवेनं अठराही मीटर खाल्ले असते तर मात्र वरची टाकी भरलेली आणि खाली थेंब नाही, अशी अवस्था झाली असती.

तुमची लाइन मोटरची आहे, म्हणून तुम्हाला एक सोपी खूण सांगतो. गळती असेल तर पंपाजवळच्या गेजचा काटा नेहमीपेक्षा खाली येतो. हवा अडकली असेल तर काटा नेहमीपेक्षा वर जातो आणि पाणी मात्र कमी पडतं, कारण पंपाला टाकीची उंची अधिक हवेनं खाल्लेली उंची असं दोन्ही उचलावं लागतं. पुढं कुठला व्हॉल्व्ह अर्धवट बंद असला तरीही काटा वर जातो, तेवढं मात्र आधी तपासून घ्या. शिवाय टाकीच्या तोंडाशी पाणी उचक्या देत, फुरफुरत येत असेल आणि ग्लासात धरलेलं दुधाळ पाणी तळाकडून वर नितळ होत जात असेल, तर त्यात हवा आहे.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडं येतो, व्हॉल्व्ह असून हवा का राहते. त्या टेकाडावरही व्हॉल्व्ह होता. चेंबरमधली माती काढली तर व्हॉल्व्हच्या खालचा कॉक पूर्ण बंद. चौकशी केली तेव्हा समजलं की दोन उन्हाळ्यांपूर्वी पाण्याचे फार हाल झाले, तेव्हा माळावरच्या वस्तीतल्या बाया तिथं घागरी भरत होत्या. पाणी निघावं म्हणून कुणीतरी व्हॉल्व्हचं झाकण सैल केलं, आत वाळूचे खडे गेले, तोंड बंद करणारा गोळा नीट बसेना, पाणी सतत गळू लागलं. शेजारच्या शेतात चिखल व्हायला लागला म्हणून तक्रार झाली आणि गळती थांबवायला कुणीतरी कॉक आवळून टाकला. यात कुणाचं वाईट करायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण त्या दिवसापासून व्हॉल्व्ह नुसता शोभेला राहिला.

व्हॉल्व्ह खोलून धुतला, रबरी बैठक बदलली आणि कॉक अगदी एक आटा उघडला. जवळपास दहा मिनिटं हवेची फुसफुस चालली, मग पांढरट पाण्याचे शिंतोडे उडाले आणि गोळा टक् आवाज करून बसला. कॉक एकदम उघडू नका. हवा भसकन निघून गेली की मागून येणारं पाणी माथ्यावर आदळतं आणि त्या धक्क्यानं जोड उखडतात.

व्हॉल्व्ह चालू असूनही हवा राहण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते खरेदीच्या वेळीच लक्षात घ्यायला हवं. मोठ्या तोंडाचा एअर व्हॉल्व्ह लाइन भरताना हवा सोडतो आणि पाणी आलं की गोळा वर जाऊन तोंड बंद करतो. नंतर चालू लाइनीत पाण्यातून सुटलेली हवा तिथं जमली तरी तो उघडत नाही. हिशेब करून पाहा. तोंड ५० मिलिमीटरचं आणि दाब ५ किलो असेल तर गोळ्याला वर दाबून धरणारं बळ जवळपास ९८ किलोचं होतं. गोळा काही शे ग्रॅमचा, तो कसा खाली पडणार? म्हणून शेजारी दुसरं बारीक भोक लागतं. अडीच मिलिमीटरच्या भोकावर तोच ५ किलोचा दाब पाव किलोच्या आत बळ देतो, त्यामुळे हवा जमून पाणी खाली सरकलं की गोळा आपल्या वजनानं सुटतो आणि हवा निघून जाते. ही दोन्ही तोंडं ज्यात असतात त्याला दुकानात डबल एअर व्हॉल्व्ह म्हणतात. माथ्यावर तोच हवा. तुमच्याकडं कोणता आहे ते झाकण काढून बघा.

बारीक भोक फार महत्त्वाचं, कारण हवा एकदाच येत नाही. साध्या पाण्यात घनफळाच्या दोन टक्क्यांच्या आसपास हवा विरघळलेली असते आणि माथ्यावर दाब कमी झाला की त्यातली थोडी सुटते. विहिरीची पातळी खाली गेली की सक्शनजवळ भोवरा होऊन पंपच हवा ओढतो. आणि आपल्याकडं लाइट गेली की लाइन उताराकडं रिकामी होते, माथ्यावर हवा शिरते. ती शिरायलाच हवी, नाहीतर पोकळीमुळे जोडांतून चिखलपाणी आत ओढलं जातं. म्हणूनच व्हॉल्व्हचं चेंबर पावसाळ्यात तुंबू देऊ नका, व्हॉल्व्हचं तोंड गढूळ पाण्यात बुडालेलं असेल तर तेच पाणी लाइनीत जाईल.

रस्त्याच्या भरावावर तर व्हॉल्व्हच नव्हता. मूळ नकाशात जमीन सपाट होती, रस्ता नंतर उंच झाला आणि पाइप त्यावरून नेला गेला. असे उंचवटे डोळ्यांना दिसतीलच असं नाही. आपल्या भागात फूट-दीड फुटावर कातळ लागतो, तिथं चर उथळ राहतो आणि पाइप कमान करून पुढं जातो. वर जमीन सपाट, खाली पाइप चढलेला. म्हणून जमिनीची नव्हे, पाइपच्या माथ्याची लेव्हल घ्यावी लागते. भरावावर आम्ही माथ्याच्या किंचित पुढं, पाइपच्या डोक्यावर टी काढून डबल व्हॉल्व्ह बसवला.

टेकाडाची हवा गेल्यावर टाकी तीन तासांच्या आत भरू लागली, भरावाचीही गेल्यावर अडीच तासांच्या आत. मूळ पाइप बदलावा लागला नाही.

एक गोष्ट मी ग्रामपंचायतीला आग्रहानं करायला लावली. टेकाडावरच्या व्हॉल्व्हपासून दहा पावलांवर फेरूल घेऊन वस्तीसाठी एक नळ काढून दिला. लोकांना पाणी हवं होतं, व्हॉल्व्हचं झाकण नव्हे. ते झाकण त्यानंतर कुणी सैल केलेलं नाही.

तुम्ही आधी पंपाजवळचं गेज बघा. काटा वर गेलेला असेल तर लाइनीवरून चालत जा आणि प्रत्येक एअर व्हॉल्व्हखालचा कॉक उघडा आहे का ते हातानं फिरवून तपासा.