दुसरा सर्व्हर मागण्याआधी

प्रिय,

दुसरा सर्व्हर मागणाऱ्या तुझ्या पत्राचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. पहिल्या परिच्छेदातच 'आपली संपूर्ण यंत्रणा एकाच डेटाबेस सर्व्हरवर उभी आहे आणि हे अत्यंत धोकादायक आहे' असं तू लिहिलं आहेस. खरं आहे, पण मॅनेजमेंटला ते आधीपासून माहीत आहे. सहा महिन्यांत चार वेळा सगळं बंद पडलं, तेव्हा फोन त्यांनाही आले होतेच. दुसरा सर्व्हर घेतला तर त्या चारपैकी नेमकं काय टळलं असतं, हे मात्र त्यांना माहीत नाही. ते मसुद्यात कुठेच आलेलं नाही.

तू पाठवलेल्या नोंदींवरून मी बेरीज केली. चारही वेळा मिळून 9 तास 50 मिनिटं, म्हणजे 590 मिनिटं. आता एकेक प्रसंग उलगडून बघू.

पहिला सर्वांत मोठा, 340 मिनिटांचा. रेड कंट्रोलर गेला. बिघाड लक्षात यायला 20 मिनिटं, दोष नेमका कशात आहे ते ठरवायला 35, बदली कार्ड येईपर्यंत 195, ते बसवायला 30 आणि डेटाबेस सावरून तपासायला 60. अर्ध्याहून जास्त वेळ तुम्ही सगळे नुसते कार्डाची वाट बघत बसला होतात! शेजारी ताजा डेटा घेऊन दुसरा सर्व्हर चालू असता, तर लक्षात येण्याची 20 मिनिटं गेलीच असती, कारण ती देखरेखीची उणीव आहे. पुढे 'हलवायचं' असा निर्णय घेऊन काम तिकडे वळवायला, माणसाने हाताने केलं तरी, साधारण 15. म्हणजे 340 ची 35 झाली असती.

दुसऱ्या वेळी पॅच टाकल्यावर सर्व्हर उठलाच नाही, 110 मिनिटं. ते काम ठरवून केलेलं होतं, माणसं समोरच होती. दुसरा सर्व्हर असता तर 10 मिनिटांत सुटका.

तिसऱ्या वेळी भरदिवसा `ALTER TABLE` चालवलं, ते एका लांबलेल्या व्यवहाराच्या लॉकमागे अडकलं आणि त्याच्यामागे बाकीच्या सगळ्या क्वेरींची रांग लागली. 55 मिनिटं. इथे दुसऱ्या सर्व्हरचा काडीचा उपयोग नव्हता. चौथ्या वेळी संग्रहाकडे जाणाऱ्या वॉल फाइली, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी, अडकल्या, `pg_wal` फुगत गेलं आणि डिस्क भरली, 85 मिनिटं. इथेही मी दुसऱ्या सर्व्हरच्या खात्यात काही जमा करणार नाही. काम तिकडे हलवलं असतं, पण संग्रह बंदच राहिला असता तर काही वेळाने तिथली डिस्कही भरली असती.

म्हणजे सर्व्हरमुळे वाचतात 405 मिनिटं. उरतात 185. हे दोन्ही आकडे पत्रात घाल. उरलेल्यांतल्या 140 मिनिटांच्या दुखण्यावर फुकटचे उपाय आहेत: स्कीमा बदलण्याआधी `lock_timeout` लावायचा आणि डिस्क सत्तर टक्के भरली की इशारा यायला हवा. हे दोन्ही या आठवड्यात करून टाक आणि 'केलं' असं लिही. पैसे न लागणारी कामं उरकून मग पैसे मागायला आलेल्या माणसाचं पत्र वेगळ्या नजरेने वाचलं जातं.

काय टळणार नाही तेही उघड सांगायचं, हे मी चूक करून शिकलो. माझ्या पहिल्या अशा पत्रात मी छातीठोकपणे लिहिलं होतं, 'यानंतर यंत्रणा बंद पडणार नाही.' बजेट मिळालं. तीन महिन्यांनी दोन्ही सर्व्हर एकदम गेले, कारण दोघांच्या वायरी एकाच पॉवर स्ट्रिपमध्ये खोचल्या होत्या आणि नेमकी तीच जळाली. पुढची दोन वर्षं माझी प्रत्येक मागणी त्या एका वाक्याशी ताडून बघितली जायची.

आता तासाच्या नुकसानीचा आकडा. तू एका दिवसाच्या विक्रीला 24 ने भागलं आहेस. हिशेब विभागातलं कोणीही ते एका मिनिटात खोडून काढेल. रात्री तीनचा तास आणि सकाळी अकराचा तास सारखे नसतात. शिवाय अडकलेल्यांपैकी बरेच ग्राहक संध्याकाळी परत येऊन खरेदी करतात, म्हणजे ती सगळी विक्री बुडालेली नसते. स्वतः अंदाज बांधूच नकोस. चारही प्रसंगांच्या वेळा घेऊन हिशेब विभागाकडे जा आणि त्या त्या दिवशी किती बुडालं ते त्यांनाच काढायला सांग. आकडा तुझ्या अंदाजापेक्षा लहान निघेल, पण बैठकीत त्याच्यावर वाद होणार नाही.

मागणीत तू फक्त सर्व्हरची किंमत धरली आहेस. दुसरा सर्व्हर आला की त्याच्यासोबत बिघाडाच्या नव्या वाटाही येतात. रेप्लिकेशन स्लॉट वापरलास आणि स्टँडबाय, म्हणजे हा दुसरा सर्व्हर, दोन दिवस बंद राहिला, तर प्रायमरी, म्हणजे मुख्य सर्व्हर, त्याच्यासाठी वॉल साठवत बसते आणि तिचीच डिस्क भरते. `max_slot_wal_keep_size` ठरवून न दिल्यास तुझा चौथा प्रसंग पुन्हा घडेल. स्टँडबाय मागे पडलाय का, हे प्रायमरीवर रोज बघावं लागतं:

```sql
SELECT application_name, state, replay_lag
FROM pg_stat_replication;
```

उत्तरात स्टँडबायची ओळच आली नाही, तर स्टँडबाय जोडलेलाच नाही असं समज. हे बघणं, दर तिमाहीला एकदा खरोखर काम पलीकडे हलवून बघणं, या सगळ्याचे माणसांचे तास मागणीत धर. सराव न केलेला स्टँडबाय ऐन वेळी जुन्या कॉन्फिगरेशनवर उठतो, आणि मग ॲप्लिकेशन त्याला जोडत नाही.

स्वयंचलित फेलओव्हर तू सहज जाता जाता मागितला आहेस. तो सध्या काढून टाक, असं मी सांगेन. दोनच सर्व्हर असताना मधलं नेटवर्क तुटलं, तर स्टँडबायला वाटतं प्रायमरी मेली, आणि तो स्वतः लिहायला लागतो. प्रायमरीही लिहीतच असते. अर्ध्या तासात दोन वेगवेगळे डेटाबेस तयार होतात आणि ते जुळवायला कित्येक दिवस जातात. हे टाळायला मत देणारं तिसरं यंत्र लागतं. ते लहान चालतं, पण लागतंच. शिवाय रात्री दोनला ते चिडलं तर समजून घेणारं कोणीतरी तुमच्यात हवं. तुम्ही चौघं आहात. आधी हाताने करा, `SELECT pg_promote();` चालवण्याआधी जुनी प्रायमरी खात्रीने बंद केली आहे हे बघा, आणि 15 मिनिटं लागतील असं पत्रात उघड लिहा.

आणखी एक वाक्य मॅनेजमेंटसाठी हवं, कारण कोणीतरी हमखास विचारेल, 'मग बॅकअपचा खर्च वाचेल ना?' नाही. इकडे चुकून टेबल पुसलं की क्षणात तिकडेही पुसलं जातं. बॅकअप आहे तसाच राहील.

पत्राचा गाभा साधारण असा असू दे: 'गेल्या सहा महिन्यांत 590 मिनिटं सेवा बंद होती. दुसरा सर्व्हर असता तर 405 मिनिटं वाचली असती. उरलेल्यांतल्या दोन कारणांवर खर्चाविना उपाय केले आहेत. खर्च मंजूर झाला नाही, तर पुढच्या हार्डवेअर बिघाडात सुटा भाग येईपर्यंत सेवा बंद राहील.' शेवटचं वाक्य धमकीच्या सुरात नको. सुटा भाग यायला 195 मिनिटं लागली होती, तेवढं पुढे जोड आणि थांब.

नवा सर्व्हर कुठे बसणार ते तू लिहिलेलं नाहीस. शुक्रवारी सर्व्हर रूममध्ये जा, रॅकच्या मागे वाक आणि जुन्याच्या दोन्ही पॉवर केबल कुठे जातात ते हाताने धरून शेवटपर्यंत बघ. मग नेटवर्कची केबल. त्या कुठे पोचतात ते कळव, मग मागणीत एखादा स्विच वाढवायचा का ते ठरवू.

तुझा,
जुना सहकारी