टँक सर्किटचा रेझोनन्स नेमका कुठे: ४७७५, ५०२० की ५०३३ हर्ट्झ?

प्रश्न: १० मिलीहेन्रीची कॉइल (तिचा रेझिस्टन्स १०० ओहम) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर पॅरलल जोडलाय. साध्या सूत्राने ५०३३ हर्ट्झ येतात, R धरला तर ४७७५. लॅबमध्ये मात्र टँकवरचं व्होल्टेज स्थिर ठेवून बघितलं तर करंट सगळ्यात कमी झाला ५०२० च्या आसपास. शिवाय L/CR ने १००० ओहम यायला हवेत, मला जास्त मिळाले. माझं कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचं कुठेच चुकलेलं नाही. हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत आणि आपण तिन्हींना 'रेझोनन्स' म्हणतो, म्हणून घोळ होतो. सिरीज सर्किटमध्ये हे तिन्ही एकाच जागी येतात, त्यामुळे ती सवय लागलेली असते. पॅरललमध्ये कॉइलचा रेझिस्टन्स फक्त एका फांदीत बसतो आणि तिथून हे आकडे एकमेकांपासून सुटतात.

आधी ४७७५ बघू, कारण पुस्तकातली व्याख्या त्याची आहे: सप्लायमधून येणारा करंट आणि व्होल्टेज एका फेजमध्ये, म्हणजे पॉवर फॅक्टर एक. तुम्ही घेतलेल्या किमती इतक्या सोयीच्या आहेत की हे तोंडी करता येतं. ४७७५ हर्ट्झला ω बरोबर ३०,००० येतो. कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स ३०० ओहम, रेझिस्टन्स १००, म्हणून कॉइलचा एकूण इम्पीडन्स ३१६ ओहम. टँकवर १० व्होल्ट दिले तर कॉइलमधून ३१.६ मिलिअँपिअर जातात. पण हा करंट व्होल्टेजच्या मागे नव्वद अंश नाही, साधारण ७१.६ अंशच आहे. त्याचे दोन तुकडे करा: व्होल्टेजच्या फेजमधला १० मिलिअँपिअर आणि नव्वद अंश मागे असलेला ३० मिलिअँपिअर. आता कॅपॅसिटर. त्याचा रिअ‍ॅक्टन्स ३३३ ओहम, म्हणून करंट ३० मिलिअँपिअर, नव्वद अंश पुढे. तीस पुढे, तीस मागे, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. सप्लायला फक्त १० मिलिअँपिअर द्यावे लागतात आणि १० व्होल्ट भागिले १० मिलिअँपिअर म्हणजे १००० ओहम.

यात एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. इथे कॉइलचा आणि कॅपॅसिटरचा रिअ‍ॅक्टन्स *सारखा नाही*. एक ३००, दुसरा ३३३. सारखे व्हायला हवेत ते रिअ‍ॅक्टिव्ह करंट, रिअ‍ॅक्टन्स नव्हेत. R मुळे कॉइलचा रिअ‍ॅक्टिव्ह करंट थोडा कमी पडतो, आणि त्याची भरपाई करायला फ्रिक्वेन्सी खाली आणावी लागते. खाली आणली की कॉइलचा वाढतो, कॅपॅसिटरचा घटतो. तीच गोष्ट अक्षरांत लिहिली की सूत्र मिळतं:

```
ωL / (R² + ω²L²) = ωC
R² + ω²L² = L/C
ω² = 1/(LC) − R²/L²
```

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा, डायनॅमिक इम्पीडन्स तिथेच दडलेला आहे. फेजमधला करंट म्हणजे V × R/(R² + ω²L²). त्यातल्या कंसाच्या जागी L/C ठेवला की करंट V × CR/L होतो आणि इम्पीडन्स सरळ L/(CR). यात कुठेही 'R लहान आहे' असं गृहीत धरलेलं नाही. बरेच जण L/CR ला अंदाजी सूत्र समजतात. ते अंदाजी नाही. पॉवर फॅक्टर एक असलेल्या फ्रिक्वेन्सीला ते तंतोतंत आहे, फक्त त्याच फ्रिक्वेन्सीला. (हे हजार ओहम कुठल्याही एका भागात सापडत नाहीत. मल्टिमीटर टँकला लावलात तर तो बिचारा १०० दाखवेल.)

आता तुमचा ५०२०. तुम्ही फेज बघितलाच नाही, करंट किती हे बघितलं. म्हणजे तुम्ही शोधलंत ते इम्पीडन्सचं शिखर. ते ४७७५ ला का नाही? ४७७५ वरून फ्रिक्वेन्सी जराशी वर सरकवा. दोन गोष्टी घडतात. कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स वाढला, म्हणून तिचा फेजमधला करंट १० वरून खाली उतरू लागतो. दुसरीकडे कॅपॅसिटरचा करंट कॉइलपेक्षा वरचढ होतो आणि थोडा रिअ‍ॅक्टिव्ह करंट शिल्लक राहतो. पण हा शिल्लक करंट फेजमधल्या करंटशी काटकोनात असतो. काटकोनातली छोटी बाजू कर्णाला सुरुवातीला जवळपास वाढवतच नाही, फेजमधली घट मात्र लगेच जाणवते. म्हणून एकूण करंट अजून कमीच होत जातो. ५०२२ हर्ट्झच्या आसपास फेजमधला ९.१३ आणि काटकोनातला २.७५ मिलिअँपिअर असतो, कर्ण ९.५३. त्यापुढे काटकोनातली बाजू जड होते आणि करंट परत चढतो. १० व्होल्ट भागिले ९.५३ मिलिअँपिअर म्हणजे साधारण १०४९ ओहम. तुम्हाला हजारापेक्षा जास्त का मिळाले, ते हे.

आणि ५०३३? तिथे रिअ‍ॅक्टन्स सारखे होतात, एवढंच. सप्लायचा करंट तिथे व्होल्टेजच्या १७.५ अंश पुढे असतो, म्हणजे फेजच्या व्याख्येने तो रेझोनन्स नाहीच. इम्पीडन्सचं शिखर मात्र त्याला अगदी चिकटून असतं, आणि इथेच लोक फसतात: करंट मोजून ५०२० मिळाले की वाटतं 'साधंच सूत्र बरोबर, R चं सूत्र उगाच'. माझ्या जर्नलमध्ये मीही एकदा तसंच लिहून दिलं होतं. तपासणाऱ्यांनी शेजारी फक्त 'फेज?' एवढंच लिहिलं होतं, आणि ते मला पुढच्या वर्षी कळलं.

मग ४७७५ डोळ्यांनी बघायचं कसं? जनरेटर थेट टँकला लावू नका. त्याचा आतला रेझिस्टन्स ५० ओहम असतो, त्यामुळे ३ किलोहर्ट्झला आणि ५ किलोहर्ट्झला टँकवरच्या व्होल्टेजमध्ये जेमतेम सहा टक्के फरक पडतो. टेकडीऐवजी पठार दिसतं. मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. आता टँकला जवळपास स्थिर करंट मिळतो, आणि टँकवरचं व्होल्टेज त्याच्या इम्पीडन्सच्या प्रमाणात हलतं. स्कोपचा पहिला चॅनेल जनरेटरच्या आउटपुटवर, दुसरा टँकवर, आणि स्कोप X-Y मोडमध्ये. जनरेटरवर २० व्होल्ट पीक-टू-पीक असतील तर टँकवर २०० मिलिव्होल्टच्या आसपास मिळतील, म्हणून दुसऱ्या चॅनेलचा स्केल खाली आणा.

चार किलोहर्ट्झपासून हळूहळू वर या. स्क्रीनवर तिरकी लंबवर्तुळ आकृती दिसेल, ती बारीक बारीक होत जाईल आणि एका जागी मिटून सरळ रेघ होईल. टँक त्या क्षणी निव्वळ रेझिस्टन्ससारखा वागतोय; हा तुमचा ४७७५. तिथे थांबू नका, डायल तसाच फिरवत राहा. रेघ पुन्हा उघडेल, पण आकृतीची उंची अजून वाढतच असेल. अडीचशे हर्ट्झ पुढे गेल्यावर ती सगळ्यात उंच होईल आणि मग बसू लागेल. मिटण्याची जागा आणि उंचीची जागा वेगळी आहे, हे एकदा पाहिलं की परत विसरायला होत नाही.

नेमके ४७७५ आणि ५०२२ हे आकडे मिळतीलच असं धरू नका. कॅपॅसिटर दहा टक्के टॉलरन्सचा असेल तर फ्रिक्वेन्सी एकट्या त्यानेच पाच टक्के सरकते, म्हणजे अडीचशे हर्ट्झ, आणि आपण शोधतोय तो फरकही तेवढाच! म्हणून मोजलेला आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून 'कुठलं सूत्र खरं' हे ठरवता येत नाही. त्याच सर्किटमधल्या त्या दोन जागांमधलं अंतर बघा. टॉलरन्समुळे दोन्ही जागा एकत्र सरकतात, अंतर फारसं बदलत नाही.

अंतर अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आलं तर संशय कॉइलवर घ्या. मल्टिमीटरने मोजलेले १०० ओहम हे डीसीचे असतात. कॉइलला लोखंडी गाभा असेल तर पाच किलोहर्ट्झला गाभ्यातला लॉसही त्यात मिळतो आणि कॉइल १०० पेक्षा जास्त रेझिस्टन्स असल्यासारखी वागते. रेघ मिटते त्या जागी टँकवरचं व्होल्टेज मोजून इम्पीडन्स काढा आणि R = L/(C·Z) ने उलट जा; त्या फ्रिक्वेन्सीचा खरा R मिळेल. समजा Z ८०० ओहम निघाला, तर R १२५ आहे.

हा R वाढत गेला तर काय होतं? सूत्रात R²/L² जेव्हा 1/(LC) एवढा होतो, म्हणजे R जेव्हा √(L/C) ला पोचतो, तेव्हा फेज जुळण्याची फ्रिक्वेन्सी शून्यावर येते. तुमच्या किमतींना ही मर्यादा ३१६ ओहम. कॉइलशी सिरीजमध्ये ३०० ओहम जोडून बघा: आता R झाला ४००, लंबवर्तुळ कुठेच मिटणार नाही. गंमत म्हणजे इम्पीडन्सचं शिखर तरीही दिसेल, सपाट आणि बसकं. R सुमारे ४९० ओहम होईपर्यंत ते टिकतं.

उलट बाजूला, चांगल्या कॉइलसोबत हा सगळा वाद विरून जातो. रेडिओच्या ट्यूनिंगमधली २०० मायक्रोहेन्रीची कॉइल घ्या, R १० ओहम आणि १२७ पिकोफॅरड. फ्रिक्वेन्सी १ मेगाहर्ट्झच्या जवळ, आणि R मुळे ती सरकते फक्त ३० हर्ट्झच्या आसपास. डायनॅमिक इम्पीडन्स येतो जवळपास १ लाख ५७ हजार ओहम. तिथे साधं सूत्र बिनधास्त वापरा. तिथली डोकेदुखी वेगळीच असते: स्कोपच्या प्रोबचे १५ पिकोफॅरड टँकला लागले की फ्रिक्वेन्सी पाच टक्क्यांहून जास्त खाली जाते, आणि मोजायला गेलात म्हणूनच आकडा चुकतो.