शिबं 'गेली' म्हणजे नेमकं काय गेलं?

'आमच्याकडे रावेरला छातीपाठीवर पांढुरके डाग पडले की शिबं म्हणतात. डॉक्टरांनी टिनिआ व्हर्सिकलर लिहून दिलं. मेडिकलवाला म्हणतो गजकर्णच. घरचे कोडाला घाबरतात. शिबं नेमकी कशाला म्हणायची? आणि गेली म्हणता म्हणता दरवर्षी परत का येतात?'

'शिबं' हा शब्द नेमका आहे, तो सोडू नका. गोंधळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या 'टिनिआ'ने केला आहे. टिनिआ हे गजकर्णाच्या कुळाचं नाव, आणि ते शिबांना जुन्या समजुतीतून चिकटलं. आता 'पिटिरिआसिस व्हर्सिकलर' म्हणतात. पहिल्या शब्दात ग्रीक 'कोंडा' आहे, दुसरा लॅटिन शब्द 'रंग बदलणारं' असं सांगतो. चरकसंहितेत 'सिध्म' नावाने जे वर्णन येतं त्यातही हीच दोन लक्षणं आहेत: पांढरं किंवा तांबूस, पातळ, घासलं की धूळ सुटते, रंग दुधीभोपळ्याच्या फुलासारखा, आणि बहुधा छातीवर.

ती धूळच ओळखीची खूण. डागावर नखाने हलकेच खरवडलं की बारीक भुसा सुटतो. कोडात तसं होत नाही. तिथली कातडी गुळगुळीत आणि दुधासारखी पांढरी असते. गजकर्णाला कडेने लाल, उंच रिंगण असतं आणि खाज फार सुटते. शिबांना खाज थोडी किंवा नसतेच. फिकट डागाला स्पर्श कळत नसेल, तर मात्र शब्दांच्या भानगडीत न पडता सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी.

नावातली चूक औषधात उतरते. गजकर्णासाठी टर्बिनाफिन किंवा ग्रिसिओफुल्विनच्या गोळ्या देतात. त्या शिबांवर चालत नाहीत, कारण दोन्हींची बुरशी वेगळी. शिबांची बुरशी मॅलॅसेझिया. ती बाहेरून लागत नाही. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर ती गोल पेशींच्या रूपात राहते आणि तिथल्या तेलावर जगते. अंग दमट राहिलं की ती लांब तंतू काढून वरच्या थरात पसरते. म्हणून शिबं आलेल्याचा टॉवेल कुणी वापरला म्हणून त्याला दोष देणं चुकीचं.

केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या पोराचं उदाहरण घ्या. मे महिन्यात रावेर-यावलचं ऊन कितीही कडक असलं तरी हवा कोरडी, घाम उडून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये बागेत हवा कोंडते, बनियन दिवसभर अंगाला चिकटलेलं असतं, वर रात्री अंगाला खोबरेल. बुरशीला तेलही मिळालं आणि ओलही. ती ॲझेलाइक आम्ल सोडते, त्याने रंग बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं आणि डाग फिकट दिसतो. काहींच्या अंगावर उलट तपकिरी पडतो; एकाच पाठीवर दोन्ही रंग असू शकतात.

या पोराला डॉक्टर बहुधा किटोकोनॅझोल 2 टक्के शाम्पू देतील. तो डोक्याला लावायचा असतो असं समजून पुष्कळजण इथेच चुकतात. ओल्या अंगाला मानेपासून कमरेपर्यंत आणि दंडांनाही तो लावायचा, 5 मिनिटं ठेवून धुवायचा, आणि असं डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण 3 ते 5, रोज करायचं. फक्त दिसणाऱ्या डागांवर लावून भागत नाही. शेजारी न दिसणारे असतात. स्टिरॉइड मिसळलेलं मलम मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून लावू नये. लाली-खाज दबते, बुरशी पसरते.

आता तुमचं 'गेली'. शाम्पूनंतर खरवडून भुसा सुटेना, म्हणजे बुरशी आवरली. पण फिकट डाग तसेच राहतात, कारण रंग परत भरायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. उन्हात भोवतालची कातडी रापली की ते आणखी उठून दिसतात. पोरगं म्हणतं 'औषध लागू पडलं नाही', आणि दुसरं औषध आणतं. इथे बुरशी गेली आहे, डाग राहिला आहे. याला मी 'शिबं गेली, खूण उरली' म्हणेन. रंग पुरता भरला तरी बुरशी अंगावरून कायमची हटत नाही. ती पुन्हा गोल पेशी होऊन शांत बसते. पुढच्या पावसाळ्यात तोच घाम, तेच तेल मिळालं की तंतू काढते. त्यात कातडी तेलकट असणं, आणि काही घरांतला आनुवंशिक कल, यांचाही हात असतो.

म्हणून ज्यांना दरवर्षी येतात त्यांनी डॉक्टरांना विचारून पावसाळ्याच्या तोंडापासून दमट हवा संपेपर्यंत महिन्यातून एकदा तोच शाम्पू अंगाला लावावा. घामेजलेलं बनियन कामावरून आल्या आल्या बदलावं, आणि त्या महिन्यांत छातीपाठीला खोबरेल लावू नये.